वर्गणी किती येईल आणि कधी येईल? नव्या खजिनदारासाठी अंदाज बांधण्याची रीत

संस्थेचं खजिनदारपद गळ्यात पडलं की कार्यकारिणीच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारतं, "यंदा वर्गणीचे किती धरायचे?" बहुतेक ठिकाणी यादीतली नावं मोजतात, वर्गणीच्या रकमेनं गुणतात आणि आलेला आकडा अंदाजपत्रकात टाकतात. तेवढे पैसे कधीच येत नाहीत. मग पुढच्या वर्षी एखादे अनुभवी सभासद सुचवतात, "दहा टक्के कमी धरा." हे दहा टक्के कुठून आले, ते त्यांनाही सांगता येत नाही.

अडचण अशी आहे की त्या एका टक्केवारीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. काही सभासद उशिरा भरतात आणि काही भरतच नाहीत. उशिरा भरणाऱ्यामुळे वर्षाची बेरीज बिघडत नाही, फक्त पैसे हातात यायला वेळ लागतो. सोडून जाणाऱ्यामुळे बेरीजच कमी होते, आणि तो पुढच्या वर्षीही नसतो. म्हणून प्रश्न दोन करायचे आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळी काढायची: किती जण भरतील, आणि जे भरतील ते कधी भरतील. पुढची सगळी रीत या दोन प्रश्नांवर उभी आहे.

इथे मी असं धरलं आहे की वर्गणी वार्षिक आहे आणि सगळ्यांची देय तारीख एकच, म्हणजे वर्षाचा पहिला दिवस. तुमच्याकडे ज्याच्या-त्याच्या प्रवेशाच्या तारखेपासून वर्ष मोजत असतील तर रीत तीच राहते. फक्त दिवस प्रत्येकाच्या स्वतःच्या देय तारखेपासून मोजावे लागतात.

## १. आधी एवढं जमवा

- मागच्या तीन वर्षांच्या सभासद याद्या, प्रत्येक वर्षाच्या पहिल्या दिवशी जशा होत्या तशा
- पावती पुस्तकं किंवा जमा नोंदवही, आणि बँकेचा खातेउतारा
- संस्थेची नियमावली: देय तारीख, सवलतीची मुदत, नाव कधी कमी होतं, वर्षाच्या मध्यात येणाऱ्याला किती भरावे लागतात
- वर्गणी वाढवल्याचे ठराव, तारखांसह
- कुठलीही स्प्रेडशीट

यातली पहिली वस्तू मिळवणं सगळ्यात कठीण, आणि तिच्यावाचून बाकी सगळं फुकट. आज तुमच्या हातात जी यादी आहे तिच्यातून सोडून गेलेल्यांची नावं आधीच काढलेली असतात. त्या यादीवर "गेल्या वर्षी किती टक्के लोकांनी भरली?" हे मोजलंत तर उत्तर शंभराच्या जवळ येईल, कारण ज्यांनी भरली नाही ते यादीत उरलेलेच नाहीत. गळती मोजायची तर गळण्याआधीची यादी लागते.

ती सापडली नाही तर वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना कुणाकुणाला पाठवली होती त्याची यादी शोधा. संस्थेची निवडणूक झाली असेल तर मतदार यादी शोधा, पण ती बहुधा फक्त वर्गणी भरलेल्यांची असते हे लक्षात ठेवा. काहीच हाती लागलं नाही तर पावत्यांवरून उलटं जा. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या नावे पावती फाडली त्या सगळ्यांनी दोन वर्षांपूर्वीही भरायला हवी होती. त्यातल्या कितींच्या नावे पुढची पावती आहे, तेवढं मोजा. काम किचकट आहे, पण एकदाच करायचं आहे. यापुढे वर्षाच्या पहिल्या दिवशी यादीची एक प्रत तारीख घालून बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका.

भरल्याची तारीख घेतानाही एक गोम आहे. पावतीवरची तारीख आणि बँकेत जमा झाल्याची तारीख यांत कधी कधी महिनाभराचं अंतर असतं, विशेषतः कुणी रोख गोळा करून एकदम भरणा केला असेल तर. सभासद कधी देतात हे पाहायचं असेल तर पावतीची तारीख घ्या, खात्यात पैसे कधी दिसतात हे पाहायचं असेल तर बँकेची. कुठलीही एक निवडा आणि तिन्ही वर्षं तीच वापरा.

## २. यादी चार गटांत लावा

सगळ्या सभासदांना एकच टक्का लावणं हा नेहमीचा सापळा. सभासद किती जुना आहे यावर तो टिकतो की जातो हे खूप अवलंबून असतं. पहिल्यांदा नूतनीकरण करायची वेळ आली की गळती सगळ्यात जास्त होते. उत्साहात आलेले, एका कार्यक्रमापुरते आलेले, मित्राच्या आग्रहाखातर आलेले, हे सगळे त्या टप्प्यावर गळतात. तो टप्पा ओलांडलेला माणूस बहुधा टिकतो. म्हणून गेल्या वर्षी सभासद मोहीम जोरात झाली असेल तर यंदाची सरासरी खाली येणार, हे आधीच ओळखता आलं पाहिजे.

उदाहरणासाठी एक संस्था घेऊ. यादीत ४०० नावं आहेत, वर्गणी १,००० आहे. ही नावं अशी लावली:

- आजीव सभासद: ३०. यांनी पूर्वीच एकरकमी भरले. यंदा यांच्याकडून शून्य. तरी हे "४०० सभासद" या आकड्यात मोजले जातात आणि गुणाकारात घुसतात.
- थकीत: ४०. गेल्या वर्षीची वर्गणीच यांनी भरलेली नाही. नियमाप्रमाणे नाव कमी व्हायला हवं होतं, पण कुणी केलं नाही.
- पहिल्या नूतनीकरणाचे: ८०. गेल्या वर्षी नव्यानं आलेले.
- जुने: २५०. किमान एकदा नूतनीकरण केलेले.

तुमच्याकडे विद्यार्थी किंवा ज्येष्ठांची वेगळी सवलतीची वर्गणी असेल तर त्यांचे गट वेगळे करा. पण फार बारीक चिरू नका. दहा-बारा माणसांच्या गटाची टक्केवारी काढून काही कळत नाही, एक माणूस इकडचा तिकडे झाला की ती दहा टक्क्यांनी हलते.

## ३. किती जण भरतील?

आता प्रत्येक गटासाठी मागची तीन वर्षं तपासा. वर्षाच्या पहिल्या दिवशी त्या गटात जेवढे होते, त्यांतल्या कितींनी वर्ष संपेपर्यंत कधी ना कधी भरली? लवकर की उशिरा हे इथे पाहायचं नाही.

शीटमध्ये प्रत्येक वर्षासाठी एक पान ठेवा. C रकान्यात गट, D मध्ये देय तारीख, E मध्ये भरल्याची तारीख. भरली नसेल तर E रिकामा, त्यात "नाही" वगैरे काही लिहू नका, नाहीतर मोजणी चुकेल. मग जुन्या गटाचा दर असा निघतो:

```
=COUNTIFS(C:C,"जुने",E:E,"<>")/COUNTIFS(C:C,"जुने")
```

समजा आपल्या संस्थेत तीन वर्षांचं पाहून जुन्यांचा दर ९२ टक्के, पहिल्या नूतनीकरणाचा ६५ टक्के आणि थकीतांचा २५ टक्के निघाला. तर जुन्यांतले २३०, पहिल्या नूतनीकरणाचे ५२ आणि थकीतांतले १० जण भरतील. एकूण २९२, म्हणजे २,९२,०००. यादीतल्या नावांचा सरळ गुणाकार ४,००,००० होता. एक लाखाहून जास्त रक्कम केवळ कागदावर होती.

थकीतांबाबत एक गोष्ट आधीच ठरवून टाका. थकीत सभासद एक दिवस येतो आणि १,००० देतो. ते गेल्या वर्षाचे धरायचे की यंदाचे? गेल्या वर्षाचे धरलेत तर तो यंदाचाही थकीतच राहतो. यंदाचे धरलेत तर मागची रक्कम सोडून दिल्यासारखं होतं. नियमावलीत काही लिहिलं असेल तर ते पाळा, नसेल तर कार्यकारिणीकडून एकदा ठरवून घ्या. मी वरच्या हिशेबात पैसे यंदाचे धरले आहेत. आणि "गेल्या वर्षीची येणे वर्गणी ४०,०००" अशी ओळ अंदाजपत्रकात उत्पन्न म्हणून दिसली तर ती काढून टाका. ज्यानं वर्षभर दिली नाही त्याच्याकडून मागची आणि चालू अशा दोन्ही वर्गण्या धरणं म्हणजे एकाच रिकाम्या खिशात दोनदा हात घालणं. मागची आलीच तर वरकड समजा.

मागची तीन वर्षं घेताना त्यातलं एखादं वेगळं होतं का, तेही पाहा. अनेक संस्थांत वर्गणी भरलेल्यालाच मत देता येतं, त्यामुळे चुरशीच्या निवडणुकीच्या वर्षी एरवी न फिरकणारेही भरतात, कधी कधी उमेदवारच त्यांना भरायला लावतात. त्या वर्षाचा दर साध्या वर्षाला लावलात तर फसाल.

## ४. जे भरतील ते कधी भरतील?

इथे हिशेबाचा पाया बदलतो. आता फक्त भरणाऱ्यांचा विचार करायचा. न भरणारे मागच्या पायरीवर बाजूला काढून झाले.

G रकान्यात उशिराचे दिवस काढा:

```
=IF(E2="","",E2-D2)
```

आणि जुन्या गटातल्या भरणाऱ्यांपैकी पहिल्या ९० दिवसांत किती टक्के आले ते असं:

```
=COUNTIFS(C:C,"जुने",E:E,"<>",G:G,"<=90")/COUNTIFS(C:C,"जुने",E:E,"<>")
```

९० च्या जागी १८०, २७० घालून वर्षभराची चढण मिळते. हे टक्के साचत जाणारे असतात, त्यातून आधीचा वजा केला की त्या तिमाहीचा वेगळा टक्का निघतो. आपल्या उदाहरणात जुन्या भरणाऱ्यांपैकी ८० टक्के पहिल्या तिमाहीत येतात, १२ टक्के दुसरीत, ५ तिसरीत आणि ३ चौथीत. पहिल्या नूतनीकरणाचे जरा रेंगाळतात: ६०, २५, १० आणि ५ टक्के. थकीतांना चढण वगैरे नसतेच, पाठपुरावा कराल तेव्हा ते येतात.

छेदात कोण आहे याकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. ८० टक्के हे २३० भरणाऱ्यांचे आहेत, यादीतल्या २५० चे नाहीत. पहिल्या तिमाहीत १८४ जण अपेक्षित आहेत. हाच टक्का चुकून २५० ला लावला तर २०० येतात, आणि तीन महिन्यांनी "१६ जण कमी आले" म्हणून विनाकारण घबराट उडते.

दुसरा सापळा अपुऱ्या वर्षाचा. अंदाजपत्रक बहुधा वर्ष संपायच्या आधी दीड-दोन महिने बनतं. तेव्हा चालू वर्षाचे उशिरा भरणारे अजून यायचे असतात. चालू वर्षाचा दर आजवरच्या आकड्यावरून काढला तर ते सगळे गळतीत जमा होतात. चालू वर्ष वापरायचंच असेल तर मागच्या वर्षांत या तारखेपर्यंत किती आले होते त्याच्याशी तुलना करा.

## ५. नवे सभासद: हात आखडता घ्या

नव्या सभासदांचा अंदाज हा सगळ्यात कच्चा आकडा, आणि बैठकीत नेमका तोच फुगवला जातो. गळतीचं भोक दिसलं की कुणीतरी म्हणतं, "मोहीम घेऊ, शंभर नवे आणू." तीन वर्षांतला सगळ्यात कमी आकडा काढा आणि त्याच्या आसपास राहा.

आपली संस्था ७० नवे धरते. पहिल्या सहा महिन्यांत ४०, पूर्ण वर्गणीनं. नंतरचे ३०, अर्ध्या वर्गणीनं. म्हणजे ४०,००० आणि १५,०००, मिळून ५५,०००. सगळ्या ७० ना पूर्ण वर्गणीनं गुणलं असतं तर १५,००० जास्त दिसले असते.

वर्षाच्या शेवटी अर्ध्या वर्गणीवर आलेल्या माणसाला दोन-तीन महिन्यांतच पूर्ण वर्गणीची मागणी जाते, आणि तो बिचकतो. पहिल्या नूतनीकरणाच्या गटात असे किती आहेत ते मोजून ठेवा. जास्त असतील तर त्या गटाचा दर थोडा खाली धरा.

## ६. तिमाही तक्ता मांडा

आता सगळं एकत्र. आकडे हजारांत आहेत.

| | पहिली तिमाही | दुसरी | तिसरी | चौथी | वर्ष |
|---|---|---|---|---|---|
| जुने | १८४ | २८ | ११ | ७ | २३० |
| पहिलं नूतनीकरण | ३१ | १३ | ५ | ३ | ५२ |
| थकीत | २ | ४ | २ | २ | १० |
| नवे | २२ | १८ | १० | ५ | ५५ |
| एकूण | २३९ | ६३ | २८ | १७ | ३४७ |

वर्षाची बेरीज ३,४७,०००. पण तक्त्यातली खरी बातमी शेवटच्या दोन तिमाहींत आहे. तिथे मिळून फक्त ४५,००० येतात. समजा संस्थेचा खर्च महिन्याला २८,००० आहे, म्हणजे वर्षाला ३,३६,०००. वर्षाचा ताळेबंद छान जुळतो, ११,००० उरतात. पहिल्या तिमाहीअखेर मात्र खात्यात १,५५,००० शिल्लक दिसते आणि नेमक्या त्याच वेळी कुणाला तरी नवा प्रोजेक्टर, नाहीतर कार्यालयाची रंगरंगोटी सुचते. शेवटच्या सहा महिन्यांचा खर्च १,६८,००० आहे आणि जमा ४५,०००. मधले १,२३,००० त्या फुगलेल्या शिलकीतूनच जायचे आहेत. खजिनदार म्हणून हा तक्ता बैठकीत समोर ठेवा, मग तुम्हाला "नाही" म्हणायची वेळ फारशी येणार नाही.

वर्षाच्या सुरुवातीला एखादा मोठा एकरकमी खर्च असेल, उदाहरणार्थ विम्याचा हप्ता किंवा सभागृहाचं वर्षाचं भाडं, तर पहिली तिमाही महिन्या-महिन्यानं फोडा. उशिरा भरणारे जिथे खरोखर छळतात ती जागा हीच. तिमाहीची बेरीज भरघोस असूनही पहिल्या महिन्यात तिच्यातला निम्मा भागच हातात असू शकतो.

## ७. आगाऊ आलेले पैसे दोनदा मोजू नका

स्मरणपत्रं वर्ष सुरू व्हायच्या आधी जातात, त्यामुळे काही शिस्तीचे सभासद आधीच भरून मोकळे होतात. आपल्या १८४ पैकी ३० जणांनी मागच्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात भरले असं धरा. हे ३०,००० उत्पन्न यंदाचं आहे, पण पैसे खात्यात आधीच आहेत. वर्षारंभीच्या शिलकीत ते धरलेत आणि पहिल्या तिमाहीच्या जमेतही धरलेत तर तुमचा रोखीचा अंदाज तेवढ्यानं खोटा ठरतो. पहिल्या तिमाहीत प्रत्यक्षात २,०९,०००च येतील.

तसंच या वर्षाच्या शेवटी पुढच्या वर्षाचे आगाऊ पैसे येतील. ते पाहून "चौथी तिमाही अंदाजापेक्षा बरी गेली" असं वाटेल. पावतीवर कुठल्या वर्षाची वर्गणी ते लिहिण्याची सक्ती करा आणि आगाऊ वर्गणी ताळेबंदात देणे म्हणून दाखवा. ती अजून तुम्ही कमावलेली नाही, त्या वर्षाच्या सेवा सभासदाला द्यायच्या बाकी आहेत.

## ८. एका आकड्यावर विसंबू नका

८० जणांच्या गटाला ६५ टक्के दर लावून आपण ५२ म्हटलं. दर अगदी बरोबर असला तरी निव्वळ योगायोगानं ४४ किंवा ६० येऊ शकतात, एवढ्या लहान गटात तेवढी हालचाल असतेच. म्हणून दुसरा, कडक आकडा काढा. प्रत्येक गटासाठी तीन वर्षांतला सगळ्यात वाईट दर घ्या.

आपल्याकडे तो जुन्यांचा ८८ टक्के, पहिल्या नूतनीकरणाचा ५८ आणि थकीतांचा १५ निघाला असं समजू. म्हणजे २२०, ४६ आणि ६, एकूण २७२ जण. नवे ५५ धरले, ३० पूर्ण आणि २५ अर्धे, तर ४२,५००. बेरीज ३,१४,५००. सगळ्या गटांचं सगळ्यात वाईट वर्ष एकदम येणं कमी संभवतं, त्यामुळे हा आकडा थोडा जास्तच कडक आहे, आणि मला तो तसाच बरा वाटतो. ज्या खर्चाचं वचन दिलंय, पगार, भाडं, करार, तो या आकड्याच्या आत बसला पाहिजे. आपल्या उदाहरणातला ३,३६,००० खर्च बसत नाही. तेव्हा त्यातले निदान २१,५०० असे असायला हवेत की जे गरज पडली तर थांबवता येतील, आणि ते कुठले हे आत्ताच लिहून ठेवायचं.

वर्गणी वाढवायचा विचार असेल तर जुना दर आणि नवी रक्कम यांचा गुणाकार करू नका. उलट विचारा: किती जण गेले तर वाढ पाण्यात जाईल? १,००० वरून १,२०० केली तर नूतनीकरणाचे २,९२,००० मिळायला २४४ जण पुरतात. २९२ च्या जागी २४३ आले की वाढ करूनही तोटा. एवढी गळती होईल का, हे कार्यकारिणीला डोळ्यांसमोर ठेवून ठरवता येतं. वाढ जाहीर करून जुन्या दरानं आगाऊ भरायची मुभा ठेवलीत तर बरेच जण त्या दरानं भरून मोकळे होतील, तेव्हा पहिल्या वर्षी वाढीचा पूर्ण लाभ धरू नका.

## ९. पहिली तिमाही संपली की ताडून पाहा

तीन महिने झाले. जुन्यांतून १८४ अपेक्षित होते, आले १७०. आता १४ जण रेंगाळले आहेत की गेले? रेंगाळले असतील तर वर्षाचा अंदाज २३० वर कायम राहतो. गेले असतील तर १७० ला ०.८० नं भागा, २१२ उरतात. फरक १८,००० चा आहे आणि नुसती बेरीज पाहून तो सुटत नाही.

तो सोडवायला जुन्या गटाचे दोन भाग करा: बहुतेक वर्षी ९० दिवसांच्या आत भरणारे, आणि नेहमीचे उशिरा येणारे. समजा पहिले १९० आहेत, दुसरे ६०. मागच्या वर्षांत या तारखेला पहिल्यांतले १७८ आणि दुसऱ्यांतले ६ आलेले असत. यंदा १५८ आणि १२ आले. म्हणजे उशिरा येणारे उलट लवकर आले, आणि वेळेवर भरणारे २० कमी आहेत. बेरजेतला १४ चा फरक खरी गोष्ट झाकत होता. नेहमी उशीर करणाऱ्याचं नाव तीन महिन्यांनी कोरं दिसलं तर त्यात नवल नाही. सहसा न चुकणाऱ्याचं कोरं दिसलं तर मात्र काहीतरी घडलं आहे.

आता न आलेल्या त्या ३२ जणांची यादी हातात घ्या आणि फोन करण्याआधी ती नुसती वाचा. काय सारखं दिसतं? आपल्या उदाहरणात ११ जण एकाच कार्यालयातले निघाले, त्यांची वर्गणी कार्यालय एकत्र भरतं आणि तिथला मंजुरीचा कागद अडकला होता. आणखी ६ जणांची वर्गणी कार्डावरून आपोआप वळती होते, त्यांच्या कार्डांची मुदत संपल्यानं ती वळती झालीच नाही, आणि त्यांना स्वतःला वाटतंय की आपण भरली. उरले १५. नेहमीचे न आलेले १२ असतात, तेव्हा खरी जादा गळती फार तर तिघांची. अंदाज २३० वरून २२७ वर आणायचा, २१२ वर नाही.

एकत्र भरणाऱ्या ११ जणांवर मात्र शीटमध्ये खूण करून ठेवा. ते ११ वेगवेगळे सभासद दिसत असले तरी निर्णय एकच आहे: ११ येतील, नाहीतर शून्य. त्यांना ९२ टक्के लावून १० धरण्यात अर्थ नाही. त्यांचा कागद दुसऱ्या तिमाहीअखेर सुटला नाही तर २२७ चे थेट २१६ करा आणि तेवढे ११,००० थांबवता येण्याजोग्या खर्चातून लगेच कमी करा.

कार्डवाल्या सहांना स्मरणपत्राऐवजी फोन करा, कारण "वर्गणी थकली" असं पत्र गेलं की पावती नसूनही ते वाद घालतील. उरलेल्या १५ जणांना विचारताना "थकबाकी" हा शब्द टाळा आणि सरळ "यंदा नूतनीकरण करणार आहात ना?" असं विचारा. जो स्पष्ट नाही म्हणतो त्याचं कारण नोंदवा आणि त्याच दिवशी त्याच्यापुढे "गेले" लिहा. पुढच्या वर्षी हाच माणूस थकीतांच्या रकान्यात बसून तुमचा २५ टक्क्यांचा दर बिघडवणार नाही.